फ्लॅट ९ टक्के, 'इफेक्टिव्ह' ६.६२ टक्के: गाडीच्या कर्जाचा कागद घरी बसून कसा तपासायचा

आमच्या गल्लीतला एक पोरगा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे उचलून ट्रान्सपोर्टच्या गोदामांत पोचवतो. तीन वर्षं भाड्याचा टेम्पो चालवला, आता स्वतःचा घ्यायचा ठरवलं. जुना, चांगल्या अवस्थेतला छोटा टेम्पो सव्वापाच लाखांना ठरला. सव्वा लाख हातचे, चार लाख कर्ज. डीलरच्या टेबलावरच फायनान्सचा एजंट बसलेला होता. त्याने एका पानावर छापील कोटेशन दिलं. एके संध्याकाळी ते पान घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, हे बघा. फ्लॅट नऊ टक्के आहे, पण इफेक्टिव्ह रिड्युसिंग फक्त ६.६२ पडतंय म्हणतोय. बँक साडेअकरा सांगतेय. मग हेच घेऊ ना?"

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षं काढली. तिथं असले कागद बरेच पाहिले, पण फ्लॅटपेक्षा रिड्युसिंग कमी असल्याचं छापून देण्याचं धाडस दर वेळी थक्क करतं. हप्त्याहप्त्याने फेडायच्या कर्जात हे गणिताने होऊच शकत नाही. नुसतं 'होऊ शकत नाही' म्हटलं तर एजंट हसतो आणि "काका जुन्या काळचे आहेत" म्हणतो. म्हणून त्याच्याच कागदावरच्या आकड्यांनी ते कसं दाखवायचं, हे इथं लिहितो. एक मोबाइल आणि अर्धा तास पुरतो.

आधी दर विसरा, चार आकडे लिहून घ्या

दर हा कागदावरचा सर्वांत लवचिक आकडा असतो. कोणत्या पद्धतीने काढला, कशावर काढला, वर्षाचा की महिन्याचा, हे सगळं त्याच्या पोटात लपतं. लपत नाहीत त्या फक्त रोख रकमा. म्हणून एजंटला दर विचारण्याआधी चार गोष्टी विचारा आणि त्या त्याच्याच हस्ताक्षरात किंवा व्हॉट्सअॅपवर घ्या: सगळी कापाकापी होऊन डीलरच्या खात्यात नेमके किती रुपये जमा होणार, महिन्याचा हप्ता किती, एकूण हप्ते किती, आणि पहिला हप्ता कधी. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. पहिला हप्ता पैसे मिळाल्यानंतर एक महिन्याने की त्याच दिवशी 'अॅडव्हान्स' म्हणून कापून, याने बराच फरक पडतो. तो पुढे येईल.

आमच्या पोराच्या पानावर असं होतं: कर्ज ४,००,०००, मुदत ४८ महिने, फ्लॅट ९ टक्के, हप्ता ११,३३४. खाली ठळक अक्षरात 'इफेक्टिव्ह रिड्युसिंग दर ६.६२%'. कापाकापीचा उल्लेखच नव्हता.

फ्लॅट म्हणजे काय, हे एकदाच नीट

फ्लॅट पद्धतीत व्याज पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर सगळ्या मुदतीसाठी लावतात. चार लाखांचे नऊ टक्के म्हणजे वर्षाला ३६,०००. चार वर्षांचे १,४४,०००. मुद्दल आणि व्याज मिळून ५,४४,०००. त्याला ४८ ने भागलं की ११,३३३ रुपये ३३ पैसे, म्हणजे वरच्या रुपयाला ११,३३४. हिशेब इथवर बरोबर आहे, यात फसवणूक नाही.

अडचण अशी की तुमच्याकडे चार लाख चार वर्षं राहतच नाहीत. दर महिन्याला तुम्ही थोडं मुद्दल परत करता. दोन वर्षांनंतर चाळीस टक्क्यांहून जास्त मुद्दल परत गेलेलं असतं, आणि शेवटच्या महिन्यात तर अकरा हजारच तुमच्याकडे उरलेले असतात. तरीही व्याज चार लाखांवरच चालू असतं. रिड्युसिंग पद्धतीत व्याज फक्त त्या महिन्यात शिल्लक असलेल्या मुद्दलावर लागतं. तेवढंच १,४४,००० व्याज कमी-कमी होत जाणाऱ्या रकमेवर वसूल करायचं असेल तर दर चढाच असावा लागतो. म्हणून फ्लॅटचा रिड्युसिंग दर नेहमी जास्त येतो. वाहनकर्जाच्या नेहमीच्या मुदतींत तो ढोबळमानाने १.७ ते १.९ पट असतो. नऊला पावणेदोनाने गुणलं की पावणेसोळाच्या आसपास. इतका तोंडी हिशेब आला तरी ६.६२ वाचताना भुवया वर जातात.

मग ६.६२ आला कुठून?

हे शोधून काढल्याशिवाय मला झोप येत नाही. एजंटाने आकडा हवेतून काढलेला नव्हता. चारही रकमा घेऊन उलटसुलट भागाकार केले आणि सापडला. एकूण व्याज १,४४,००० ला एकूण परतफेड ५,४४,००० ने भागलं तर २६.४७ टक्के येतात. त्याला चार वर्षांनी भागलं की ६.६२. म्हणजे 'तुम्ही जे एकूण भरता त्यातला इतका भाग दर वर्षी व्याजाचा', एवढाच त्याचा अर्थ. तो कर्जाचा दर नाही. त्यात शिल्लक मुद्दल नाही, आणि भाजक तर व्याज मिळवून फुगवलेला आहे. असा भागाकार फ्लॅटपेक्षा नेहमीच लहान येणार, कारण खालचा आकडा मुद्दलापेक्षा मोठा आहे. त्याला 'रिड्युसिंग' म्हणणं म्हणजे बाजारात वजन करताना पिशवीही तराजूत टाकणं.

इतर ठिकाणी दुसरे खेळ दिसतात. 'हप्त्यातून वाचलेले पैसे ठेवीत टाकले तर' अशी कल्पना करून व्याज वजा करतात. कधी शेवटच्या वर्षाच्या रिड्युसिंग तक्त्यातलं व्याज मूळ कर्जावर भागून दाखवतात. सगळ्यांना एकच कसोटी लागू पडते, आणि तीच या लेखाचं खरं काम आहे.

कसोटी: त्याच दराने तक्ता चालवून बघा

दर खरा असेल तर त्या दराने हिशेब मांडल्यावर ४८ व्या हप्त्याला कर्ज बरोबर शून्यावर यायला हवं. आधी संपलं तर दर खोटा. न संपलं तरी खोटा.

६.६२ खरा मानू. महिन्याचा दर त्याचा बारावा भाग, म्हणजे ०.५५१७ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज चार लाखांवर २,२०७ रुपये. हप्ता ११,३३४, त्यातून व्याज वजा केलं की ९,१२७ मुद्दलात गेले, शिल्लक ३,९०,८७३. दुसऱ्या महिन्याचं व्याज या शिल्लकीवर २,१५६, मुद्दलात ९,१७८, शिल्लक ३,८१,६९५. तिसऱ्या महिन्याला व्याज २,१०६, शिल्लक ३,७२,४६७. तीन ओळी वहीत हाताने मांडा, कारण त्या मांडल्या की पुढे काय होणार ते डोळ्यांना दिसतं.

पुढचं मोबाइलवर. गूगल शीट्स किंवा एक्सेल उघडा आणि एका चौकोनात हे टाका:

```
=NPER(0.0662/12,-11334,400000)
```

उत्तर येतं ३९.३६. म्हणजे ६.६२ टक्के रिड्युसिंग दराने हे कर्ज ३९ हप्त्यांत जवळजवळ संपतं आणि चाळिसाव्या हप्त्याला फक्त चार हजारांच्या आसपास उरतात. मग पुढचे आठ पूर्ण हप्ते कशाचे? आमच्या पोराने डीलरकडे जाऊन हेच विचारलं. "दादा, तुमच्या दराने माझं कर्ज चाळिसाव्या महिन्याला फिटतंय. पुढचे आठ हप्ते माफ करून लिहून द्या, आत्ता सही करतो." एजंट म्हणाला, सिस्टीम तसं करत नाही.

उलट बाजूने बघायचं असेल तर, खरोखर ६.६२ टक्के रिड्युसिंग असतं तर ४८ महिन्यांचा हप्ता ९,५०८ असता. पानावर ११,३३४ आहे. महिन्याचा फरक १,८२६ रुपये, म्हणजे टेम्पोच्या डिझेलच्या बऱ्याच लिटरांचा.

खरा दर काढा

आता त्याच चौकोनात दुसरं सूत्र:

```
=RATE(48,-11334,400000)*12
```

आधी हप्त्यांची संख्या, मग हप्ता उणे चिन्हासह, मग कर्ज. बाराने गुणून वर्षाचा दर. चौकोन टक्केवारीत दाखवायला लावला की १५.९९ टक्के येतो. म्हणजे कागदावरचा 'फ्लॅट ९' हा प्रत्यक्षात १६ टक्के रिड्युसिंग आहे आणि 'इफेक्टिव्ह ६.६२' ही त्याच कर्जाची तिसरी, खोटी ओळख.

`#NUM!` आलं तर जवळजवळ नेहमी उणे चिन्ह विसरलेलं असतं. उत्तर दीड टक्क्याच्या आसपास आलं तर बाराने गुणायचं राहिलं. आणि कर्जाच्या जागी गाडीची किंमत टाकू नका. आमच्या पोराने पहिल्यांदा सव्वापाच लाख टाकले आणि दर एकदम स्वस्त दिसू लागला.

आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टरचे हप्ते बरेचदा सहामाही असतात, उसाचं बिल आल्यावर भरायचे. तेव्हा हप्त्यांची संख्या सहामाही मोजा आणि शेवटी बाराऐवजी दोनाने गुणा. तारखा अनियमित असतील तर लोक `XIRR` वापरतात. पण लक्षात ठेवा, ते चक्रवाढ धरून वर्षाचा दर देतं, म्हणून तो थोडा मोठा दिसतो. आमचं १५.९९ चं कर्ज त्या मापाने १७.२ च्या आसपास येईल. दोन्ही बरोबर, फक्त एका कर्जाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं माप लावून तुलना करू नका. गंमत म्हणजे 'इफेक्टिव्ह' या शब्दाचा बँकिंगमधला नेहमीचा अर्थ हाच चक्रवाढ धरलेला दर. तोही वरच जातो, खाली नाही.

आता कापाकापी मोजा

दराचा वाद मिटवून लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि इथंच दोन-तीन टक्के गमावतात. पोराला मी परत पाठवलं, 'चार लाखांतून डीलरला नक्की किती जाणार' हे लिहून आणायला. दोन दिवसांनी मिळालं: प्रोसेसिंग फी ८,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी १,४४०, कर्जदाराचा जीवन विमा ७,५००, कागदपत्रं आणि मुद्रांक १,५६०. एकूण १८,५००. हातात किंवा डीलरच्या खात्यात जाणार ३,८१,५००. हप्ता मात्र पूर्ण चार लाखांवरचाच. ही रक्कम कर्जातून कापली काय किंवा तुमच्याकडून वेगळी रोख घेतली काय, हिशेब एकच.

```
=RATE(48,-11334,381500)*12
```

१८.६४ टक्के. सोळाचं साडेअठरा झालं.

त्यात 'एक हप्ता अॅडव्हान्स' अशीही ओळ होती. म्हणजे पहिले ११,३३४ पैसे मिळायच्या दिवशीच परत. मग प्रत्यक्ष मिळालेली रक्कम ३,७०,१६६ आणि उरलेले हप्ते ४७:

```
=RATE(47,-11334,370166)*12
```

१९.५५ टक्के. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात कर्ज देणाऱ्या संस्थांच्या ज्या अनुचित पद्धतींची नोंद घेतली, त्यात हीसुद्धा आहे: हप्ता आगाऊ घ्यायचा आणि व्याज मात्र पूर्ण कर्जावर धरायचं. पैसे खात्यात जमा व्हायच्या आधीच्या तारखेपासून, म्हणजे मंजुरीपासून किंवा करारापासून व्याज मोजणं हेही त्याच यादीत आहे. तुमच्या पहिल्या हप्त्याची तारीख आणि डीलरच्या खात्यात पैसे पडल्याची तारीख शेजारी लिहून ठेवा.

विम्याबद्दल एक वाक्य. वाहनाचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. कर्जदाराच्या जीवन विम्याची सक्ती मात्र कायद्याने नाही, त्याला 'नको' म्हणता येतं आणि म्हटल्यावर ७,५०० वाचतात. घरात कमावणारा एकटाच असेल तर विमा घ्यावा असं मला वाटतं, पण स्वतंत्रपणे, हप्त्याच्या पोटात नव्हे.

छापील पानावर नाही, केएफएसवर विश्वास ठेवा

एजंटाचं कोटेशन हा संस्थेचा कागद नाही. संस्थेचा कागद म्हणजे 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', सगळे केएफएस म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना तो द्यावाच लागतो. बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि वित्त कंपन्या, सगळ्यांना. तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवा, म्हणून मराठीत मागायला संकोच करू नका. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी तो किमान तीन कामकाजी दिवस वैध असतो. 'आज सही केली तरच हा दर' हे वाक्य त्यामुळेच पोकळ ठरतं.

त्यात तीन जागा शोधा. एक, एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून वार्षिक दर. तो रिड्युसिंग पद्धतीनेच काढायचा असतो आणि विम्यासारखे तिसऱ्याला जाणारे पैसेही त्यात धरायचे असतात. दुसरी, एपीआर कसा काढला त्याचं जोडपान, ज्यात हातात पडणारी निव्वळ रक्कम असते. तिसरी, महिनावार परतफेडीचा तक्ता. तुम्ही वरच्या सूत्रांनी काढलेला आकडा आणि हा एपीआर यांत एखाद्या दशांशाचा फरक चालतो. पहिल्या हप्त्याची तारीख महिन्याच्या पुढे-मागे असली तरी तेवढा पडतो. एक टक्क्याहून जास्त तफावत असेल तर कुठला तरी खर्च लपला आहे. केएफएसमध्ये न लिहिलेलं शुल्क नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, त्यामुळे हा कागद जपून ठेवा.

पोराने केएफएस मागितला तेव्हा एजंटाचा सूर बदलला. पाच दिवस लागले. आला तेव्हा त्यावर ६.६२ कुठेच नव्हता. व्याजदर १५.९९, एपीआर १८.६४. अॅडव्हान्स हप्ताही गायब झाला होता. कदाचित कोणालातरी ते परिपत्रक आठवलं असावं.

पतसंस्थांची गोष्ट वेगळी. सोलापुरात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि अनेक जण गाडी तिथूनच घेतात. त्या रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली चालतात. त्यामुळे केएफएसचा नियम त्यांना लागू होत नाही. तिथं तुमचं सूत्र आणि लेखी घेतलेले चार आकडे हेच केएफएस.

मुदतीआधी फेडायचं असेल तर

फ्लॅटचा दुसरा चकवा दोन वर्षांनी दिसतो. तुम्ही मनात हिशेब करता की ४८ पैकी २४ हप्ते भरले, म्हणजे अर्धं, दोन लाख उरले. फ्लॅटच्या भाषेत दर महिन्याचं मुद्दल ८,३३३ असल्याने ते बरोबर वाटतं. पण संस्थेचं खातं आतून रिड्युसिंग पद्धतीने, त्या १५.९९ दराने चाललेलं असतं. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त असतं. आपल्या उदाहरणात पहिल्याच हप्त्यात ५,३३० व्याज आणि फक्त ६,००४ मुद्दल. त्यामुळे २४ हप्त्यांनंतरची शिल्लक दोन लाख नव्हे, सुमारे २,३१,५०० निघते. साडेएकतीस हजारांचा हा धक्का बंद करायला गेलेल्या माणसाला काउंटरवर बसतो, आणि त्यावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क वेगळं. व्यक्तींच्या फ्लोटिंग दराच्या बहुतेक कर्जांना या शुल्कातून सूट आहे, पण वाहनकर्ज बहुतेक फिक्स्ड दराचं असतं, त्यामुळे करारात काय लिहिलंय तेच लागू होतं. ते शुल्क आणि २४ व्या महिन्याची शिल्लक, दोन्ही सहीआधी तक्त्यात बघून घ्या.

खरोखर स्वस्त पडतं, असंही असतं

एक प्रकार प्रामाणिक असतो. नव्या गाडीवर कंपनी किंवा डीलर स्वतःच्या खिशातून व्याजाचा काही भाग भरतो. तेव्हा हप्ताच खाली येतो आणि `RATE` च्या उत्तरात ते लगेच दिसतं. वेगळ्या समजुतीची गरज पडत नाही. मात्र अशा योजनेत रोखीने घेणाऱ्याला बरेचदा काही सूट असते आणि कर्ज घेतलं की ती जाते. ती गेलेली सूट मिळालेल्या रकमेतून वजा करून सूत्र पुन्हा चालवा. मग दर कुठे उभा राहतो ते बघा.

दोन कागद शेजारी

आता बँकेचा तो साडेअकरा. चार लाख, ४८ महिने, रिड्युसिंग ११.५ चा हप्ता येतो १०,४३६. बँकेची सगळी कापाकापी चार हजारांची होती:

```
=RATE(48,-10436,396000)*12
```

१२.०४ टक्के. म्हणजे एपीआरला एपीआर लावला तर १८.६४ विरुद्ध १२.०४. हप्त्यात ८९८ रुपये महिना, ४८ महिन्यांत ४३,१०४. आणि हे सगळं 'नऊ हे साडेअकरापेक्षा कमी' असं समजून उलटं घडणार होतं.

बँकेची अडचण अशी की तिला जामीनदार आणि दोन वर्षांची विवरणपत्रं हवी होती, शिवाय दहा-बारा दिवस लागणार होते. डीलर गाडी तेवढे दिवस थांबवेल याची खात्री नव्हती. इथं कुणी घाईत महाग कर्ज घेतलं तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. पण महिन्याला ८९८ रुपये ही घाईची किंमत आहे, हे माहीत असताना घ्यावं.

एजंटानेही दुसरा प्रस्ताव आणला होता. फ्लॅट साडेसात, विमा काढून टाकलेला. हप्ता १०,८३४. सूत्रात टाकला तर १३.५२ टक्के, फी न धरता. खाली आला होता, पण बँकेच्या वरच.

तक्रार करायची वेळ आली तर

सही झाल्यानंतर लक्षात आलं, किंवा केएफएस दिलाच नाही, तर आधी संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहा. त्याचा फोन आणि ईमेल केएफएसमध्येच असतात. पत्रासोबत एजंटाचं कोटेशन, केएफएस आणि `NPER` चं उत्तर आलेल्या शीटचा फोटो जोडा. 'मला ६.६२ सांगितलं' एवढंच लिहिलं तर एका ओळीत उत्तर येतं, पण 'या दराने कर्ज चाळिसाव्या हप्त्याला संपतं, तरी ४८ हप्ते लावले' असं लिहिलं की संस्थेला आकड्यातच उत्तर द्यावं लागतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार टाकता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्था असेल तर रस्ता सहकार खात्याचा, म्हणजे निबंधकाच्या कार्यालयाचा.

आमच्या पोराला त्याच्या मावसभावाने जामीन दिला. डीलरला पाच हजार इसार देऊन गाडी थांबवली. बँकेत मॅनेजरना एक विनंती केली, हप्त्याची तारीख पाचऐवजी दहा करा म्हणून, कारण कारखानदार त्याचं भाडं महिन्याच्या सात-आठ तारखेला देतात. ती लगेच मान्य झाली. गेल्या महिन्यात टेम्पोला नारळ फोडला, आणि त्याच्या वहीत आता पहिल्या पानावर चार आकडे लिहिलेले आहेत: ३,९६,०००, १०,४३६, ४८ आणि पहिल्या हप्त्याची तारीख.